दहा लाखांपैकी बयाणा किती?

प्रश्न : डिचोलीतील एक जुने घर 48 लाखांना घेण्याचे आम्ही ठरवले होते. ऑगस्टमध्ये 1 लाख टोकन दिले. 10 सप्टेंबरला अॅग्रीमेंट करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवले आणि त्या दिवशी आणखी 4 लाख दिले. अॅग्रीमेंटमध्ये या 5 लाखांना बयाणा म्हटले आहे. विक्रेत्याला दुसरीकडे पैसे भरायचे होते म्हणून ऑक्टोबरमध्ये 5 लाख आणखी दिले. मुदत 10 जानेवारीपर्यंत होती. घर विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर असून आईही हयात नाही. बँकेच्या वकिलांनी 2 डिसेंबरला वारसाहक्काचे कागद आणि विक्रेत्याच्या विवाहित बहिणीची व तिच्या पतीची सही मागितली. मी ते पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवले, तर उत्तर आले, ‘ताईचे त्यात काही नाही, तिला लग्नात दिलेले आहे.’ त्यातच पत्नीची बदली झाली आणि 28 डिसेंबरला मी लिहून गेलो, ‘आम्हाला आता घर घेणे जमणार नाही, पैसे परत करा.’ विक्रेता म्हणतो की मी माघार घेतली म्हणून 10 लाख जप्त. तसे कलम अॅग्रीमेंटमध्ये आहे. शिवाय तो करार रद्द करण्याच्या कागदावर सही मागतो आहे. दुसरे गिऱ्हाईक 51 लाख देण्यास तयार आहे, असे कानावर आले. मी सही करावी का? सगळे पैसे गेले का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सही आत्ता करू नका. सगळे पैसे गेलेले नाहीत, परंतु सगळे नक्की मिळतील असेही मी लिहून देणार नाही, कारण तुमच्या 28 डिसेंबरच्या संदेशाने तुमची बाजू थोडी लंगडी केली आहे. ती किती लंगडी झाली, हे कळण्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. व्यवहार कोणाच्या चुकीमुळे मोडला, हा पहिला प्रश्न. तो तुमच्या चुकीमुळे मोडला असे धरले, तरी विक्रेत्याला त्यातले किती ठेवून घेता येतील, हा दुसरा. विक्रेता हे दोन्ही प्रश्न एकत्र करून बोलतो आहे आणि त्याचा फायदा त्यातच आहे.

बयाणा म्हणजे ‘मी व्यवहार पुरा करीन’ याची हमी म्हणून खरेदीदाराने करार ठरताना दिलेली रक्कम. व्यवहार पार पडला तर ती किमतीत वळती होते, खरेदीदाराच्या दोषाने फिसकटला तर बुडते आणि विक्रेत्याच्या दोषाने फिसकटला तर परत करावी लागते. आपल्याकडे जुनी माणसे अजूनही सांगतात की विक्रेता फिरला तर बयाणा दुप्पट द्यावा लागतो. पोर्तुगीज नागरी संहितेत तसा नियम खरोखरच होता. मात्र ती संहिता आज गोव्यात मुख्यतः कौटुंबिक बाबींपुरती उरली आहे. जमीन-घराच्या खरेदीचा करार हा 1872 चा भारतीय करार कायदा आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांनुसार चालतो, त्यामुळे अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेले नसेल तर दुप्पट मागता येत नाही.

आता पहिला प्रश्न. कर्ज मिळाले नाही एवढ्याने खरेदीदाराला बयाणा परत मिळत नाही. ‘कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ असे अॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तुमचा पगार कमी पडला, जुने हप्ते थकले किंवा बँकेने रक्कम कमी मंजूर केली, ही सगळी जोखीम तुमची असते. बदलीचेही तसेच आहे. परंतु बँकेने विक्रेत्याच्या हक्कातली त्रुटी दाखवून कर्ज अडवले, तर गोष्ट बदलते, कारण तेव्हा बँक तुमच्याबद्दल बोलत नसते, घराबद्दल बोलत असते. म्हणून 2 डिसेंबरचे ते पत्र हा तुमच्या बाजूचा सर्वांत मोलाचा कागद आहे.

बँकेच्या वकिलांनी काढलेली शंका नुसती औपचारिक नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस आहेत. लग्नात दागिने किंवा पैसे दिले म्हणून मुलीचा वाटा आपोआप संपत नाही. तो संपला आहे असे म्हणायचे, तर तिने तसा हक्क सोडल्याचा रीतसर कागद लागतो. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर येथील सर्वसाधारण पद्धतीने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि वारशाने आलेली मालमत्ताही त्यातच धरली जाते, म्हणून ताईच्या पतीची सही मागितली गेली. आई-वडील दोघेही गेल्यावर डीड ऑफ सक्सेशन करून वारस कोण ते ठरवायचे आणि मग एकतर सगळ्या वारसांनी मिळून विक्रीखतावर सह्या करायच्या किंवा न्यायालयात वाटपाची, म्हणजे इन्व्हेंटरीची, कार्यवाही करून घर एकाच्या वाट्याला आणायचे, असा सरळ मार्ग आहे. यांपैकी काहीच झालेले नसताना एकटा भाऊ आणि त्याची पत्नी संपूर्ण घर विकू शकत नाहीत. फार तर भाऊ वारशातला आपला हिस्सा विकू शकतो, आणि तुम्ही 48 लाख हिश्श्यासाठी देणार नव्हता.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 विक्रेता आणि खरेदीदार यांच्या जबाबदाऱ्या सांगते. उलट लिहिलेले नसेल तर, आपण जो हक्क देतो आहोत असे म्हणतो तो खरोखर आपल्याकडे आहे आणि तो देण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी हमी विक्रेत्याने दिली आहे असे हे कलम मानते. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की खरेदीदाराने योग्य कारणाने मालमत्ता घेण्यास नकार दिला, तर बयाण्याच्या रकमेसाठी त्या मालमत्तेतल्या विक्रेत्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराचा बोजा राहतो. किमतीपोटी दिलेल्या इतर रकमेसाठीही, त्याने अयोग्य रीतीने नकार दिलेला नसेल तर, तसाच बोजा असतो. थोडक्यात, हक्क सदोष असल्यामुळे व्यवहार मोडला असे ठरले, तर तुमचे दहाच्या दहा लाख परत यायला हवेत आणि त्यासाठी त्या घरातला विक्रेत्याचा हिस्सा एक प्रकारे तारण आहे.

अडचण तुमच्या संदेशाची आहे. त्यात तुम्ही ताईच्या सहीचा उल्लेखही न करता ‘आम्हाला जमणार नाही’ असे लिहिले. विक्रेत्याचा वकील न्यायालयात तेवढेच वाक्य मोठ्याने वाचेल आणि म्हणेल की सह्यांचा प्रश्न मुदतीपर्यंत सुटला असता, पण यांची बदली झाली आणि आता कागदांचे निमित्त पुढे केले जात आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. त्यावर तुमचे उत्तर तारखांमध्ये आहे. आक्षेप 2 डिसेंबरचा, म्हणजे तुमच्या माघारीच्या आधीचा आहे. तो तुम्ही विक्रेत्याला कळवला. त्याने कागद देतो असे म्हटले नाही, मुदत मागितली नाही, उलट ताईचा हक्कच नाकारला. जो स्वतः 10 जानेवारीला विक्रीखत करून देण्याच्या स्थितीत नव्हता, त्याला दुसऱ्याच्या कुचराईचा दंड वसूल करता येतो का, हा प्रश्न तुमच्या वकिलाने मांडायचा आहे. माझ्या मते न्यायालय तो गांभीर्याने घेईल. म्हणून व्हॉट्सअॅपवरचा तो संवाद जपा, फोन बदलू नका आणि स्क्रीनशॉटवर विसंबू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यासाठी मूळ फोन हाती असणे सोयीचे असते.

याच कामी अॅग्रीमेंटची दोन कलमे आज रात्रीच काढून वाचा. विक्रेत्याने ‘हक्क स्वच्छ व निर्वेध आहे’ असे सांगितल्याचे कलम बहुधा असेल आणि ते तुमच्या बाजूचे आहे. दुसरे, ‘खरेदीदाराने सर्व कागद पाहून हक्काबाबत खात्री करून घेतली आहे’ असे एक साचेबंद वाक्य पुष्कळ अॅग्रीमेंटमध्ये घातलेले असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. ते तुमच्याकडेही असेल तर बाजू थोडी अवघड होते, पण हातची जात नाही, कारण कागद पाहिले म्हणून विक्रेत्याकडे नसलेला हक्क त्याच्याकडे येत नाही.

आता वाईटात वाईट धरून चालू. समजा, माघार तुमचीच होती असे ठरले. तरीही दहाही लाख जप्त होतात का? येथे करार कायद्याचे कलम 74 लागू होते. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे करारात लिहिले असले, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढीच मिळते, असे ते कलम सांगते. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, ती आपोआप मिळणारी रक्कम नसते.

तुमच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा निकाल जुना आहे. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात दिल्लीतील एका बंगल्याचा व्यवहार 1,12,500 रुपयांना ठरला होता. खरेदीदाराने 1,000 रुपये बयाणा म्हणून आणि नंतर 24,000 रुपये दिले होते, आणि व्यवहार न झाल्यास दोन्ही रकमा जप्त होतील असे करारात लिहिलेले होते. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1,000 रुपयांची जप्ती मान्य केली, पण 24,000 रुपये बयाणा नाहीत आणि विक्रेत्याने काही नुकसान सिद्ध केलेले नाही, म्हणून ते केवळ कलमाच्या आधारे ठेवता येणार नाहीत, असे ठरवले. तुमच्या हिशेबात बसवून पाहा. अॅग्रीमेंटच्या वेळेपर्यंतचे 5 लाख हे बयाणा आहेत, कागदात तसा शब्दही आहे आणि ते 48 लाखांच्या साधारण एक दशांश आहेत. एवढ्या प्रमाणातला बयाणा न्यायालये सहसा अवाजवी मानत नाहीत. तेव्हा दोष तुमचा ठरला तर ते 5 लाख गेले असे समजा. ऑक्टोबरमधले 5 लाख मात्र वेगळे आहेत. ते करार ठरून महिना उलटल्यावर, विक्रेत्याच्या निकडीसाठी, किमतीच्या भागापोटी दिलेले आहेत. ‘सर्व रक्कम जप्त’ असे कलमात लिहिल्याने त्यांचा बयाणा होत नाही. ते ठेवायचे असतील तर विक्रेत्याने आपले नुकसान दाखवले पाहिजे.

आणि नुकसान दाखवणे त्याला जड जाईल. 48 लाखांचे घर तो 51 लाखांना विकणार असेल, तर तुमच्या माघारीने त्याचे तीन लाख बुडाले नाहीत, वाढले. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या 2015 च्या निकालात असेच काहीसे घडले होते. प्राधिकरणाने 3.12 कोटींच्या भूखंडावरील 78 लाखांचा बयाणा जप्त केला आणि पुढे तोच भूखंड 11.78 कोटींना विकला. नुकसान झालेलेच नसताना भरपाई कसली, असे म्हणत न्यायालयाने रक्कम परत करायला लावली. हा निकाल तुमच्या वकिलाला माहीत असेलच, पण त्यात खरेदीदाराने करार मोडलेला नव्हता, हा फरक विरुद्ध पक्ष दाखवून देईल, एवढे लक्षात ठेवा. 51 लाखांची बातमी मात्र कानावर आलेलीच आहे. व्यवहार नोंदवला गेला तर त्या कागदाची प्रत मिळवता येईल, तोवर तिच्यावर सगळा भर देऊ नका.

विक्रेत्याच्या हातातले हत्यारही तुम्हाला माहीत असायला हवे. के. आर. सुरेश विरुद्ध आर. पूर्णिमा या 2025 च्या निकालात 55.50 लाखांच्या व्यवहारातले 20 लाख रुपये जप्त करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. कागदात त्या रकमेला ‘अॅडव्हान्स’ म्हटलेले असूनही तिचे स्वरूप बयाण्याचेच आहे, असे न्यायालयाला दिसले. म्हणजे नाव काय दिले यापेक्षा रक्कम कशासाठी आणि केव्हा दिली, हे पाहिले जाते. त्या प्रकरणात रक्कम कराराच्या वेळीच दिलेली होती आणि विक्रेता चुकला तर त्याने दुप्पट द्यायचे, असे उलट बाजूचे बंधनही करारात होते. तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये विक्रेता चुकला तर काय, याबद्दल काही लिहिले आहे का, ते पाहा. जप्ती एकट्या खरेदीदारावर आणि विक्रेत्यावर काहीच नाही, असा एकतर्फी मजकूर असेल, तर तोही तुमच्या उपयोगाचा मुद्दा आहे.

आता तो सही मागतो आहे त्या कागदाकडे वळू. अॅग्रीमेंट सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेले असल्यामुळे त्या घरावर कोणाचा नोंदवलेला बोजा आहे का ते दाखवणारा निल एन्कम्ब्रन्स दाखला आज कोणी मागितला, तर तुमचे नाव समोर येईल. नव्या खरेदीदाराचा वकील ते पाहून थांबेल. म्हणून विक्रेत्याला तुमच्या सहीची घाई आहे. त्या कागदाचा मसुदा मागून घ्या. त्यात ‘रक्कम जप्त झाल्याचे खरेदीदारास मान्य आहे’ किंवा ‘यापुढे कोणताही दावा राहिलेला नाही’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर ती सही म्हणजे दहा लाखांची पावती आहे, आणि मग वर लिहिलेल्या एकाही मुद्द्याला अर्थ उरत नाही. सही करायचीच असेल, तर ठरलेली रक्कम पे-ऑर्डरने, सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात, त्याच वेळी हातात घेऊन करा. पुढच्या तारखेचा चेक घेऊन सही दिल्याने पस्तावलेले पक्षकार माझ्या टेबलासमोर नेहमी बसतात.

त्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. तिच्यात तिन्ही रकमा तारखांसह लिहा, बँकेचे पत्र जोडा, विक्रेत्याने ताईबद्दल दिलेले उत्तर जसेच्या तसे उद्धृत करा आणि 10 जानेवारीला तो विक्रीखत करून देण्यास असमर्थ होता, म्हणून 10 लाख व्याजासह परत करावेत, अशी मागणी करा. येथे एक सावधगिरी आहे. ‘पंधरा दिवसांत ताईची सही आणा, आम्ही घर घ्यायला तयार आहोत’ असे वजन वाढवण्यासाठी लिहू नका. ताई आणि तिचे पती खरोखरच सह्या द्यायला आले, तर 38 लाख कुठून आणणार? तेव्हा तुमची दुसरी माघार लेखी होईल आणि मग ती झाकायला कारणही उरणार नाही.

नोटिशीला दाद मिळाली नाही, तर दिवाणी न्यायालयात पैशांच्या वसुलीचा दावा आणि त्या रकमेसाठी घरातल्या विक्रेत्याच्या हिश्श्यावर बोजा असल्याची मागणी, हा मार्ग आहे. तीन वर्षांच्या आत दावा लावायचा असे धरून चाला. ज्याला घर हवे आहे आणि जो विक्रीखत करून मागतो, त्याने त्याच दाव्यात पर्याय म्हणून बयाणा परत मिळण्याचीही मागणी लिहिली पाहिजे. ती न लिहिल्यास न्यायालय स्वतःहून देत नाही, हेही 2025 च्या त्याच निकालात दिसते. तुम्हाला घर नको आहे, त्यामुळे तुमचा दावा सरळ पैशांचा राहील. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार करा, असे कोणी ना कोणी सुचवेलच. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता असे दाखवता येत नसेल, तर त्यातून हाती काही लागत नाही, आणि भाऊ जन्मभर त्या घरात वावरलेला असताना ते दाखवणे कठीण आहे. रेराचा दरवाजाही तुमच्यासाठी नाही, कारण तो बिल्डरच्या प्रकल्पांपुरता आहे. तिथे मात्र नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम 13 ने बिल्डरला बंदी आहे, आणि विक्री खासगी असली तरी हीच मर्यादा आपण होऊन पाळणे खरेदीदाराच्या हिताचे असते.

तडजोड करायची झाल्यास आकडा कोणता? दोष पूर्णपणे तुमचा ठरला तरी निम्मे, म्हणजे 5 लाख, परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. दोष विक्रेत्याचा ठरला तर दहाही मिळतात. या दोन टोकांमध्ये तुमची बाजू मला निम्म्याहून वरच्या अंगाला दिसते, कारण ताईच्या सहीचा आक्षेप खरा आहे आणि तुमच्या माघारीच्या आधीचा आहे. म्हणून मागणी दहाचीच ठेवा. विक्रेत्याने एका महिन्यात 8 लाख पे-ऑर्डरने दिले, तर घेऊन मोकळे व्हा. साडेसात म्हटले तरी विचार करा. 5 लाखांवर मात्र मुळीच सही करू नका, कारण तेवढे तर माघारीचा दोष तुमचा ठरला तरीही मागू शकता. विक्रेता अडून बसला, तर त्याला एवढेच विचारा की 51 लाखांच्या गिऱ्हाइकाची बँक ताईची सही मागणार नाही का.